एबिटडा १ कोटी ८० लाख, मग बँकेला अडचण काय?

शिरोलीकर

मंडळी, जरा मदत हवी आहे. शिरोली एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे. फौंड्रीकडून कास्टिंग विकत घेतो, ट्रॅक्टर आणि पंपाचे पार्ट मशिनिंग करून गिऱ्हाइकाला देतो. गेल्या वर्षी विक्री ९ कोटी ६० लाख होती, यंदा १२ कोटी झाली. माल, पगार, लाइट बिल, टूल्स, भाडं, सगळं जाऊन, पण व्याज, कर आणि घसारा धरायच्या आधी, १ कोटी ८० लाख एबिटडा राहिला, म्हणजे रुपयाला पंधरा पैसे. आमच्या धंद्यात हे वाईट नाही, कुणालाही विचारा.

दोन नवी मशीन घ्यायची म्हणून ३ कोटींचं मुदत कर्ज मागितलं. फाइल परत आली, शेरा एका ओळीचा: 'रोख प्रवाह अपुरा'. ताळेबंद नफ्याचा, हप्ता एकही चुकलेला नाही. शाखेतला तरुण अधिकारी म्हणतो, "साहेब, एबिटडावर आम्ही जात नाही." मग जाता कशावर? आणि वरिष्ठांपुढे मी काय मांडू?

रेशोप्रेमी

बँकवाल्यांना धंदा कळत नाही, हे पुन्हा सिद्ध झालं. तुमचा घसारा किती आहे? ७० लाख धरू. ते ७० लाख कुणाला दिलेत? कुणालाच नाही, नुसता कागदावरचा खर्च. म्हणून तर एबिटडा बघायचा असतो. अमेरिकेत केबल टीव्हीच्या धंद्यात टीसीआयच्या जॉन मलोन यांनी सत्तरच्या दशकात हेच सावकारांना पटवून दिलं. ताळेबंदात नफा दिसायचा नाही, पण गिऱ्हाइकाचे पैसे दरमहा यायचे आणि त्यावर कर्ज फिटायचं. कंपनी वाढली ती त्याच जोरावर. तुम्ही हे वरिष्ठांना सांगा.

कोकणकडा

सिबिल स्कोअर बघितला का? माझ्या मेव्हण्याची गाडीच्या कर्जाची फाइल अशीच परत आली होती. जुन्या क्रेडिट कार्डाचे ११०० रुपये बाकी निघाले.

शिरोलीकर

@कोकणकडा, सिबिल चांगला आहे हो. हे कंपनीचं कर्ज आहे, गाडीचं नाही.
@रेशोप्रेमी, घसारा ७० लाखच आहे, कसा काय ओळखलात!

लेजरबुक

मी बँकेत कर्ज विभागात सव्वीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. त्या पोराची बाजू घेतो म्हणून रागावू नका, पण मला थोडे आकडे हवेत. १) वर्षाचं व्याज, मुदत कर्जाचं आणि सीसीचं, म्हणजे रोजच्या धंद्यासाठी मर्यादेपर्यंत उचलता येणाऱ्या कॅश क्रेडिटचं, वेगळं. २) वर्षभरात फेडलेलं मुद्दल. ३) वर्षाच्या सुरुवातीची आणि शेवटची येणी, माल, देणी. ४) मशिनरीवर नवीन खर्च किती. कर किती भरलात तेही सांगा. गिऱ्हाइकाचं नाव लिहू नका.

शिरोलीकर

काका, सीएकडून मागवले.

मुदत कर्जाचं व्याज ३२ लाख, सीसीचं १८ लाख. मुद्दल ७५ लाख फेडलं. कर १५ लाख. निव्वळ नफा ४५ लाख.
येणी १ कोटी ६० लाखांवरून २ कोटी ९५ लाख. माल १ कोटी ३५ वरून १ कोटी ६०. देणी ७० लाखांवरून १ कोटी ३०.
मशिनरीवर ३५ लाख. त्यात एका मशीनचं स्पिंडल बदललं आणि बाकी फिक्स्चर.

येणी का वाढली तेही लिहितो. मोठ्या गिऱ्हाइकाने साठ दिवसांचे नव्वद केले. दोन बिलं तर चार महिन्यांपासून अडकलीत, "क्वालिटीकडे आहे" एवढंच उत्तर मिळतं.

लेजरबुक

छान, आता वहीच्या एका पानावर हे उतरवू.

१ कोटी ८० लाखांतून कराचे १५ लाख गेले. व्याजाचे ५० गेले. मुद्दलाचे ७५ गेले. उरले ४० लाख. इथपर्यंत गाडी रुळावर आहे.

आता येणी १ कोटी ३५ लाखांनी वाढली. म्हणजे विक्री म्हणून एबिटडात धरलेले एवढे पैसे अजून गिऱ्हाइकाच्याच खिशात आहेत. मालात आणखी २५ लाख अडकले. उलट बाजूने, फौंड्रीवाल्याचे ६० लाख तुम्ही अजून दिलेले नाहीत, त्यांनी हात दिला. तिन्ही मिळून तुमचे १ कोटी रुपये धंद्यात जिरले. त्यावर मशिनरीचे ३५ लाख.

४० वजा १०० वजा ३५. वर्षात तुम्हाला ९५ लाख कमी पडले. ते आले कुठून? एकतर सीसी वर गेली असेल, नाहीतर तुम्ही घरातून घातले असतील.

शिरोलीकर

सीसी ६० लाखांनी वाढली. आणि ३५ लाख मी व्यक्तिगत घातले, सौ.ची एफडी मोडून.

तुम्ही आकडा काढायच्या आधी ही बेरीज मला कुणीच करून दाखवली नव्हती. मी वर्षभर पंधरा टक्के, पंधरा टक्के म्हणत फिरतोय.

रेशोप्रेमी

पण काका, हे तर वाढीचे पैसे आहेत. विक्री वाढली की येणी वाढणारच. पुढच्या वर्षी ते परत येतील. त्यासाठी कंपनीला आजारी ठरवणं बरोबर नाही.

लेजरबुक

अर्धं बरोबर आहे तुमचं. विक्री पाव हिश्श्याने वाढली, तर येणीही पाव हिश्श्याने वाढून १ कोटी ६० ची २ कोटी व्हायला हवी होती. ४० लाख ही वाढीची किंमत. येणीतले उरलेले ९५ लाख वाढीचे नाहीत, ते गिऱ्हाइकाने मुदत लांबवल्याचे आहेत. आणि "परत येतील" म्हणता, ते कधी? गिऱ्हाइकाने मुदत पुन्हा साठवर आणली तर, किंवा शिरोलीकरांनी धंदा कमी केला तर. नव्वद दिवस कायम राहिले तर हे पैसे कायमचे तिथेच गुंतले.

एबिटडात ९० दिवस आणि ६० दिवस यांत काडीचा फरक पडत नाही. बिल फाडलं की नफा झाला.

जुनालेथ

रेशोप्रेमी साहेब, घसारा कागदावरचा म्हणालात म्हणून लिहितो. मी २०१३ साली एक व्हीएमसी घेतली, ३१ लाखांना. खात्यात तिची किंमत आज जवळपास शून्य, म्हणजे घसाराही शून्य. मशीन चालू आहे पण स्लाइड घासलीय, दहा मायक्रॉनच्या कामाला लावता येत नाही. तसल्याच नव्या मशीनचं कोटेशन आलंय ५२ लाखांचं. सांगा, तो कागदावरचा खर्च आता कोण देणार?

केबलवाल्याची तार एकदा जमिनीत गेली की बराच काळ तिथेच राहते. आमचं स्पिंडल मात्र रोज झिजतं. दोघांना एकच माप लावायचं का?

रेशोप्रेमी

मान्य, मशीन शॉपला घसारा खरा असतो. पण मी बोललो तेही खोटं नाही, त्या वर्षी खिशातून पैसे जात नाहीत. हप्ता भरण्यापुरता तो पैसा हाताशी असतोच.

लेजरबुक

हाताशी असतो, हे खरं. म्हणून तर आम्हीही डीएससीआर, म्हणजे कमाईतून हप्ते आणि व्याज किती पट भागतं ते, काढताना निव्वळ नफ्यात घसारा आणि मुदत कर्जाचं व्याज मिळवतो. शिरोलीकरांचा काढू. ४५ अधिक ७० अधिक ३२, म्हणजे १ कोटी ४७ लाख. द्यायचं होतं ३२ अधिक ७५, म्हणजे १ कोटी ७ लाख. भागाकार १.३७. हा आकडा पाहून पुष्कळ शाखा सही करतात.

आता आमच्याच घरची खोड सांगतो. या सूत्रातही येणी-मालाची वाढ वजा होत नाही. ती सीसीतून भागेल असं गृहीत धरलेलं असतं. म्हणजे एबिटडाचा एक डोळा बंद, तसाच आमचाही बंद. तुमच्या त्या पोराने सूत्रावर न थांबता सीसीचं खातं उघडून पाहिलेलं दिसतंय. शिरोलीकर, सीसीची मर्यादा किती आणि वापर किती?

शिरोलीकर

मर्यादा २ कोटी २५ लाख. मार्चअखेर वापर १ कोटी ९५. म्हणजे ३० लाख शिल्लक होते.

लेजरबुक

नाहीत. तुमच्या स्टॉक स्टेटमेंटवरून डीपी, म्हणजे माल आणि येणी पाहून सीसीतून प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, काढून बघा. माल १ कोटी ६०, त्यातून देणी १ कोटी ३० वजा, राहिले ३० लाख. येणी २ कोटी ९५, पण नव्वद दिवसांवरची आम्ही धरत नाही. ती किती आहेत तुमच्याकडे?

शिरोलीकर

६० लाख. ती क्वालिटीवाली दोन बिलं आणि काही किरकोळ.

लेजरबुक

मग येणी धरायची २ कोटी ३५. अधिक ते ३० लाख, २ कोटी ६५. पंचवीस टक्के मार्जिन कापलं की १ कोटी ९९ लाख. हा तुमचा खरा डीपी, आणि वापर १ कोटी ९५. तुमच्याकडे ३० लाख नव्हते, ४ लाख होते. बँकेगणिक मार्जिन आणि दिवस थोडे इकडेतिकडे होतात, पण रीत हीच.

यात गंमत बघा. ती ६० लाखांची बिलं तुमच्या एबिटडात पूर्ण नफ्यानिशी बसली आहेत, आणि डीपीत त्याच बिलांची किंमत शून्य आहे. एकाच कागदाचे दोन भाव. पगाराच्या आठवड्यात कुठला भाव चालतो ते तुम्हाला माहीत आहेच.

नव्या कर्जाचे पहिल्या वर्षी मुद्दल ५० लाख आणि व्याज ३० लाखांच्या आसपास. ते त्या ४० लाखांतून द्यायचे होते, जे आधीच गेलेत. नव्या मशीनचं काम वाढेल म्हणाल, तर तेही नव्वद दिवसांच्या उधारीवरच वाढणार ना? पोराला मी शंभरातले ऐंशी मार्क देईन. वीस कापतो, कारण एका ओळीच्या शेऱ्याऐवजी हे बोलायला हवं होतं.

गुळाचाखडा

मी सीए आहे, शिरोलीकरांचा नव्हे. एक खटकलं. त्या ३५ लाखांत फिक्स्चर किती आणि ती किती वर्षं टिकतात?

शिरोलीकर

फिक्स्चर २० लाखांची. दोन वर्षं जातात, पार्टचं डिझाइन बदललं तर त्याआधीच भंगारात.

गुळाचाखडा

वर्षापेक्षा जास्त चालतात म्हणजे मालमत्तेत घेणं नियमाला धरून आहे, तुमच्या सीएचं चुकलेलं नाही. पण बघा, हेच २० लाख खर्चात टाकले असते तर एबिटडा १ कोटी ६० झाला असता. पैसे तेवढेच गेले, फक्त खाना बदलला. म्हणून दोन कारखान्यांचा एबिटडा शेजारी ठेवताना हे आधी विचारावं लागतं.

मोठ्या प्रमाणावर आणि लबाडीने हेच केलं ते अमेरिकेतल्या वर्ल्डकॉमने. दुसऱ्या टेलिफोन कंपन्यांच्या लाइन वापरण्याचं जे भाडं द्यावं लागायचं, म्हणजे सरळ रोजचा खर्च, तो त्यांनी भांडवली म्हणून मालमत्तेत घातला. खर्च घसाऱ्यात गेला, आणि घसारा एबिटडात मोजतच नाहीत. जून २००२ मध्ये कंपनीने स्वतःच ३.८ अब्ज डॉलरचा घोळ जाहीर केला, पुढच्याच महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज. आकडा नंतर बराच वाढला.

जुनालेथ

म्हणजे आमचे शिरोलीकर वर्ल्डकॉम झाले की!

गुळाचाखडा

नाही हो. तिथे खोटं होतं, इथे नियमातली निवड आहे. पण कर्ज देणाऱ्याने विचारलं तर "फिक्स्चर दर दोन वर्षांनी पुन्हा लागतात" हे आपणहून सांगावं. मी माझ्या पक्षकारांना दोन आकडे द्यायला सांगतो, फिक्स्चर धरून आणि सोडून. बरेच ऐकत नाहीत.

जरीकाठ

विषय थोडा वेगळा आहे, पण आकडा हाच म्हणून लिहिते. आमची साताऱ्याकडे बेकरी आहे, सासरे आणि दोघे दीर चालवतात. गेल्या वर्षी एकाने विकत घ्यायची तयारी दाखवली, एबिटडाच्या पाचपट देतो म्हणाला. आमचा एबिटडा ६२ लाख, म्हणजे ३ कोटी १० लाख. घरात पेढे वाटायचेच बाकी होते.

मग त्याचा हिशेबनीस आला. जागा सासऱ्यांची आहे, भाडं कुणी घेत नाही. तो म्हणाला, मी घेतल्यावर भाडं द्यावंच लागेल, वर्षाचे १४ लाख काढा. दोघे दीर पहाटे चारपासून भट्टीवर असतात, पगार म्हणून एक रुपया उचलत नाहीत. तुमच्या जागी दोन माणसं ठेवायची तर १८ लाख, तेही काढा. उरले ३० लाख. त्याचे पाचपट दीड कोटी.

सासऱ्यांना तो अपमान वाटला. मला मात्र दिरांचे अठरा लाख पहिल्यांदा कागदावर दिसले. अजून काही ठरलेलं नाही.

लेजरबुक

ताई, तो हिशेबनीस बरोबर होता. आणि हे कर्ज मागतानाही लागू पडतं. मालकाने पगार न घेणं हे एबिटडात नफा म्हणून दिसतं. पण तो घर चालवायला पैसे उचलतोच, ताळेबंदात 'उचल' म्हणून. आम्ही ती उचल वजा करून बघायचो. मात्र दीड कोटी हाच भाव, असं मी म्हणणार नाही. बेकरीचं नाव, गिऱ्हाईक, रस्त्यावरची जागा, हे त्या पाचपटीत किती धरायचं त्यावर घासाघीस होते.

दोहाकट्टा

मी इथे एका मोठ्या कंपनीच्या फायनान्समध्ये आहे, दुकानांची साखळी आहे. एक भर घालतो. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय हिशेब नियम बदलले, भारतातही १ एप्रिल २०१९ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झाले. लांब मुदतीच्या दुकानभाड्याचा बराच भाग आता भाडं म्हणून दिसत नाही, घसारा आणि व्याज म्हणून दिसतो. म्हणजे एबिटडाच्या खाली गेला. एका रात्रीत आमचा एबिटडा फुगला, आणि घरमालकाला चेक तेवढाच जातोय. आमच्या कर्जाच्या करारात म्हणून स्पष्ट लिहिलंय की कर्ज एबिटडाच्या किती पट हे जुन्या पद्धतीने मोजायचं.

शिवाय करारात 'समायोजित एबिटडा' असतो. एकदाच होणारा खर्च परत मिळवायचा, अशी सोय. आमच्याकडे 'एकदाच' होणारा खर्च गेली चार वर्षं दरवर्षी होतोय.

रेशोप्रेमी

😄 हे बाकी खरं. शेअरमध्येही असंच असतं.

शिरोलीकर, मग उपाय काय? गिऱ्हाइकाला दोन टक्के सूट द्या, तीस दिवसांत पैसे घ्या.

शिरोलीकर

सूट द्यायचा विचार मीही केला. १२ कोटींवर दोन टक्के म्हणजे २४ लाख. सगळ्यांना दिली तर एबिटडा १ कोटी ५६ वर येतो. बँकेला आणखी वाईट दिसणार नाही का?

लेजरबुक

हीच तर मेख आहे. सूट दिली तर ती विक्रीतून वजा होते, एबिटडा कमी. सूट न देता थांबलात तर सीसीचं व्याज वाढतं, पण व्याज एबिटडाच्या खाली, म्हणून एबिटडा जसाच्या तसा. दोन्हीत पैसे जातात, दिसतं एकातच. ज्या मॅनेजरचा बोनस एबिटडावर आहे, तो कधीही सूट देणार नाही, उधारी वाढवत बसेल.

परवडतं का ते असं बघा. नव्वदचे तीस झाले तर साठ दिवस वाचले. सीसी दहा टक्क्यांनी असेल तर साठ दिवसांचं व्याज शेकडा एक रुपया चौसष्ट पैसे पडतं. त्यासाठी दोन टक्के सूट महाग. पण सीसी संपली आहे आणि बाहेरून अठरा टक्क्यांनी उचलताय, तर तेच साठ दिवस शेकडा दोन रुपये शहाण्णव पैशांना पडतात. मग सूट स्वस्त. तुमच्याकडे चार लाखच मोकळे आहेत, एवढं लक्षात ठेवून ठरवा.

जुनालेथ

लहान उद्योगांसाठी ४५ दिवसांचा कायदा आहे की. २००६ चा. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ.

शिरोलीकर

आहे, आणि उद्यम नोंदणीही आहे. एकदा पत्रात नुसता उल्लेख केला होता. पुढच्या महिन्याचं शेड्यूल निम्मं आलं. तुम्ही केलाय का कधी दावा?

जुनालेथ

नाही. माझंही गिऱ्हाईक तेच आहे बहुतेक.

गुळाचाखडा

ट्रेड्सवर, म्हणजे लहान उद्योगांची बिलं वटवायच्या ऑनलाइन बाजारावर, बघा. गिऱ्हाइकाने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, पैसे एक-दोन दिवसांत येतात, आणि गिऱ्हाइकाने बुडवलं तरी तुमच्याकडे वसुली येत नाही. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. अडचण एवढीच की नोंदणी सक्तीची असली तरी तुमचं बिल मान्य करणं त्यांच्या हातात असतं.

लेजरबुक

आणि त्या दोन क्वालिटीच्या बिलांना ट्रेड्सचा उपयोग नाही, ती मान्यच नाहीत. शिरोलीकर, ती खरोखर वादात असतील तर येणी म्हणून पूर्ण धरणंही चूक आहे. माल नाकारला गेला तर विक्रीच मागे घ्यावी लागेल, आणि मग एबिटडाही. ते पार्ट बसतात की नाही, हे आधी शोधा.

शिरोलीकर

काल स्वतः प्लांटवर जाऊन आलो. एका बिलाचे पार्ट ठीक आहेत, त्यांचा इन्स्पेक्शन रिपोर्ट सिस्टीममध्ये चढवायचा राहून गेला होता. ३४ लाखांचं ते बिल या महिन्यात निघेल म्हणतात. दुसऱ्यात बोअरची साइज खरंच बाहेर आहे, आमचीच चूक. १९ लाखांचा माल परत आणतोय, त्यातला काही रीवर्क होईल, काही भंगार.

वरिष्ठांकडे जायचा बेत पुढे ढकलला. दोनऐवजी एका मशीनचा प्रस्ताव देणार आहे, सोबत काकांचं ते वहीचं पान टाइप करून. सौ.ने विचारलंय, एफडीचे ३५ लाख कुठल्या कॉलममध्ये लिहिलेत?

लेजरबुक

'मालकाचं असुरक्षित कर्ज' म्हणून दाखवा. बँक बहुधा लिहून घेईल की आमचं कर्ज फिटेपर्यंत ते काढायचं नाही. सही करण्याआधी हे वहिनींना सांगा.